आठ पिना, सात अंतरं

फेब्रुवारीच्या शेवटी घरून काम करायचं म्हणून गावी आलो, त्याच्या आदल्या रात्री उंदरांनी विहिरीवरच्या पेटीत घुसून एक केबल कुरतडली होती.

आमचं गाव नाशिक जिल्ह्यात. शेतात तेव्हा उन्हाळ कांदा होता. मोटारीसाठी लागणारी थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. त्या रात्री विहिरीचं पाणी शेततळ्यात उपसून ठेवायचं आणि दिवसा कांद्याला द्यायचं, असा आमचा हिशोब. मोटार सुरू करायला पूर्वी आण्णा स्वतः जायचे. तीन वर्षांपूर्वी मी स्टार्टरशेजारी मोबाईलवर चालणारी पेटी बसवून दिली. तेव्हापासून आण्णा अंथरुणातूनच फोन लावतात, पलीकडून आवाज येतो, मोटार सुरू होते. आण्णांचं वय एकसष्ट. उजवा गुडघा दुखतो. विहिरीपर्यंतची वाट बांधावरून जाते आणि उन्हाळ्यात तिथे साप निघतात. त्यामुळे त्या पेटीची किंमत आमच्या घरात पैशांत कुणी मोजत नाही.

पेटीत दोन सर्किट बोर्ड होते. मागच्या बोर्डावर वीजपुरवठा आणि मोटार चालूबंद करणारे रिले. पुढच्या बोर्डावर सिमकार्ड, बटणं आणि छोटा डिस्प्ले. दोघांना जोडणारी आठ तारांची एक केबल, आणि उंदरांनी नेमकी तीच खाल्ली होती. तारा तर गेल्याच, पण टोकाची पांढरी प्लॅस्टिकची टोपणंही अर्धी कुरतडलेली होती. आण्णांनी ते सगळे तुकडे उपटून, पेटी झाडूनपुसून, कचरा उकिरड्यावर टाकला होता. तालुक्याच्या दुकानदाराने फोटो बघून सांगितलं, "बोर्ड गेला, नवीन पेटी घ्या." बोर्ड गेलेला नव्हता. केबल गेली होती. पण ती कुठली केबल, तिचं नाव काय, काय म्हणून मागवायची, हे मला सांगता येत नव्हतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची असली तरी सहा वर्षांत सोल्डरिंग गनला हात लावलेला नाही. तरी एवढं माहीत होतं, की बोर्डावरच्या कनेक्टरवर बहुतेक वेळा नाव छापलेलं नसतं. त्याची ओळख दोन गोष्टींवरून सुरू होते: पिना किती, आणि एका पिनेच्या मध्यापासून शेजारच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर किती. या अंतराला पिच म्हणतात. कनेक्टर बनवणाऱ्या कंपन्या ही अंतरं मनाला येतील तशी ठेवत नाहीत. साधारण १, १.२५, १.५, २, २.५ आणि २.५४ मिलिमीटर अशी ठरलेली घराणी आहेत. पिच कळला की घराणं कळतं, मग आकारावरून नेमका सदस्य शोधायचा.

यातली शेवटची दोन घराणी त्रासदायक. २.५४ म्हणजे बरोबर एक दशांश इंच. सर्किट बोर्डांची आखणी सुरुवातीला इंचांत होत असे, त्यामुळे हे माप सगळीकडे रुजलं. कॉलेजात ब्रेडबोर्डवर आपण ज्या तारा खोचतो त्या याच मापाच्या. पण मेट्रिक मापात विचार करणाऱ्यांनी, विशेषतः जपानी कंपन्यांनी, आपले काही कनेक्टर सरळ अडीच मिलिमीटरवर बेतले. दोघांत फरक ०.०४ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना तो दिसणं शक्यच नाही.

आधी सुरक्षिततेचं. मेन स्विच बंद केला, तिन्ही किटकॅट काढून खिशात टाकले, टेस्टरने बघितलं आणि दोन्ही बोर्ड सोडवून घरी आणले. अशा स्वस्त पेट्यांमध्ये पाच व्होल्टची बाजू मुख्य विजेपासून वेगळी केलेली असेलच याची खात्री नसते. पाच व्होल्ट आहेत म्हणून चालू पेटीत बोट घालायचं नाही. मापं घ्यायची ती टेबलावर.

माझ्याकडे तीनेकशे रुपयांचा प्लॅस्टिकचा डिजिटल कॅलिपर होता, एक दशांश मिलिमीटरपर्यंत दाखवणारा. कनेक्टर मागच्या बोर्डावर उभा होता: चारी बाजूंनी पांढरी भिंत आणि आत एका रांगेत आठ चौकोनी पिना. शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर मोजण्यात अर्थ नव्हता, कारण ज्याची सगळ्यात लहान पायरीच ०.१ ची आहे त्याच्याकडून ०.०४ चा फरक कसा कळणार? म्हणून पहिल्या पिनेपासून आठव्या पिनेपर्यंतचं अख्खं अंतर मोजलं. इथे एक जुना सापळा असतो, तो मला ओळखीचा होता. आमच्या द्राक्षबागेच्या कडेला रांगेत आठ खांब रोवले तर त्यांच्यामध्ये सात गाळे होतात. प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक माणूस ही एकाची चूक कधी ना कधी करतो, आणि मी ती पगार घेऊन बऱ्याचदा केली आहे. त्यामुळे आठाने न भागता साताने भागलं, आणि स्वतःवर खूश झालो.

कॅलिपरने १८.१ दाखवलं. भागिले सात, २.५८६. यादीत असं माप नाही. सगळ्यात जवळचं २.५४, आणि तेच तर सगळ्यांच्या ओळखीचं. वरचा थोडा फरक स्वस्त कॅलिपरच्या माथी मारला.

केबल मागवण्याआधी आणखी एक गोष्ट बघायची होती. पिच कळल्याने टोपण मिळतं, पण कुठली तार कुठे जाते ते कळत नाही. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला. मागच्या बोर्डावर मोठ्या कपॅसिटरच्या वजा पायाला एक टोक लावलं, दुसरं एकेका पिनेवरून फिरवलं. ज्या पिनेखालचा सोल्डरचा ठिपका चौकोनी असतो ती पहिली पिन. तिथेच मीटर वाजला. पुढच्या बोर्डावर अँटेना बसवायच्या पितळी सांध्याचं बाहेरचं अंग ग्राउंडला जोडलेलं असतं. तिथून शोधलं तर तिकडेही पहिलीच पिन वाजली. अधिकाची लाईन दोन्हीकडे दुसऱ्या पिनेवर निघाली. म्हणजे केबल सरळ होती, पहिली पहिलीला आणि आठवी आठवीला. उलटी असती तर एका बोर्डावर ग्राउंड आठव्या पिनेवर सापडलं असतं. हे कागदावर काढून ठेवलं.

मग २.५४ ची आठ घरांची टोपणं आणि तारा मागवल्या. पार्सल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत रात्री साडेबाराला मीच विहिरीवर जात होतो. मोबाईलची पेटी बाजूला काढल्यावर मोटार जुन्या स्टार्टरवर चालायची, पण हिरवं बटण दाबायला माणूस लागायचा. आण्णा उठून बसायचे आणि मी परत येईपर्यंत पुन्हा आडवे व्हायचे नाहीत.

पार्सल आलं, केबल तयार केली, लावली. जरा जोर लागला. टोपण एका बाजूला किंचित तिरकं बसलं, पण बसलं. डिस्प्ले उजळला, फोन लागला, मोटार चालू झाली. आईने त्या दिवशी शिरा केला.

दोन रात्री सगळं नीट चाललं. तिसऱ्या रात्री मी गाढ झोपलो होतो. आण्णांनी फोन लावला, तर पेटीचा नंबर संपर्क क्षेत्राबाहेर. मला न उठवता ते बॅटरी घेऊन निघाले. सकाळी उठलो तर आई त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होती. बांधावर पाय घसरून पडले होते. मोटार तरीही चालू करून आले होते. "लागलं नाही फारसं," एवढंच म्हणाले. केबलचं नाव कुणी काढलं नाही. ते जास्त लागलं.

पेटी उघडली तर टोपण अर्धवट वर आलेलं होतं. स्टार्टरचा काँटॅक्टर ओढला जातो तेव्हा धप्पकन दणका बसतो आणि तो शेजारच्या पेटीलाही जाणवतो. दोन दिवसांच्या दणक्यांनी टोपण थोडंथोडं सरकत गेलं आणि पुढच्या बोर्डाचा पुरवठा तुटला. चुकीचं टोपण पहिल्याच दिवशी बसलं नसतं तर बरं झालं असतं. ते जवळपास बसलं, हाच घोटाळा होता.

आमच्या गल्लीत नाना राहतात. आण्णांचे चुलतभाऊ. आयुष्यभर कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे लाकडी पेटीत कापडात गुंडाळलेला स्टीलचा व्हर्निअर आहे. बोर्ड, टोपण आणि माझा हिशोबाचा कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी बोर्डाकडे बघितलंच नाही, आधी कागद घेतला.

"अठरा पॉइंट एक कुठून कुठपर्यंत घेतलंस?"

"पहिल्या पिनेपासून आठव्यापर्यंत."

"पिनेच्या कुठून?"

मी दाखवलं. पहिल्या पिनेची बाहेरची कड, आठव्या पिनेची बाहेरची कड. नाना हसले नाहीत. "मग त्यात अर्धी पिन या बाजूची आली आणि अर्धी त्या बाजूची. गाळे सात, पण वर एक अख्खी पिन मोजलीस ना तू. दोन भोकांमधलं अंतर आम्ही असंच काढायचो. कडेपासून कडेपर्यंत घ्यायचं आणि एक जाडी वजा करायची."

मग त्यांनी व्हर्निअर काढला. जबडे पुसले, मिटवले आणि उजेडाकडे धरून शून्यावर शून्य येतंय का, मधून फट दिसते का, ते बघितलं. अकरावीच्या प्रयोगशाळेत आम्ही तो व्हर्निअर वहीत वाचनं भरण्यापुरता हातात घ्यायचो. इथे तो कामाचं हत्यार होता. जबड्यांची टोकं पातळ असतात, ती पांढरी भिंत आणि टोकाच्या पिना यांच्यामधल्या चिमुकल्या जागेत गेली. नानांनी सांगितलं, की जबडा तिरपा धरलास तर माप मोठं येतं, म्हणून हलकेच डोलवून सगळ्यात लहान वाचन घ्यायचं. दाबायचंही नाही. पिन वाकते आणि माप खोटं पडतं.

मुख्य पट्टीवर १८ मिलिमीटर पार झाले होते. सरकत्या पट्टीवरची सहावी रेघ वरच्या रेघेशी जुळली. त्या व्हर्निअरची एक रेघ ०.०२ ची, म्हणजे ०.१२. एकूण १८.१२. मग त्यांनी एकाच पिनेची जाडी घेतली, ०.६४. नाना तोंडी हिशोब करत होते, मी फोनवर. दोघांचं उत्तर एकच आलं:

```
(18.12 - 0.64) / (8 - 1) = 17.48 / 7 = 2.497
```

अडीच. २.५४ चा कनेक्टर असता तर सात गाळ्यांचे १७.७८ व्हायला हवे होते. आमचे १७.४८ आले होते. फरक ०.३० मिलिमीटर, म्हणजे नानांच्या व्हर्निअरवर पंधरा रेघा. एका गाळ्यात ०.०४ चा जो फरक हाताला लागत नव्हता, तो सात गाळ्यांत साठून ढळढळीत दिसायला लागला. लांब अंतर मोजून भागायचं ते यासाठीच. मोजताना होणारी चूक एकदाच होते आणि ती सात ठिकाणी वाटली जाते.

मग मला जाणवलं, की माझा स्वस्त कॅलिपरही खोटं बोलला नव्हता. त्याच्या १८.१ मधून पिनेचे ०.६ वजा केले तर १७.५ येतात, आणि भागिले सात बरोबर अडीच. माप पहिल्या दिवशीच बरोबर होतं. मी पिनेची जाडी वजा केली नाही, आणि त्या विसरलेल्या जाडीने उत्तर नेमकं माझ्या ओळखीच्या आकड्याजवळ नेऊन ठेवलं. एक चूक टाळल्याच्या आनंदात दुसरी दिसली नाही. २.५८६ हा आकडा यादीत नव्हता, तेव्हाच थांबायला हवं होतं. मी मात्र त्याला ओढून जवळच्या खुर्चीत बसवलं.

नानांचं समाधान अजून झालं नव्हतं. "एका मापावर माल तोडायचा नाही. दुसरं काहीतरी मोज."

दुसरं माप म्हणजे पांढऱ्या भिंतीची बाहेरून लांबी. ती २२.४ आली. आता नाव शोधणं सोपं होतं. अडीचच्या घराण्यातही एकापेक्षा जास्त कनेक्टर आहेत, पण चारी बाजूंनी उंच भिंत आणि एका लांब भिंतीला दोन खाचा असलेला सगळ्यात प्रचलित म्हणजे जेएसटी या जपानी कंपनीच्या एक्सएच मालिकेतला. ड्रोनच्या बॅटरीला जी बारीक तारांची पांढरी जोडणी असते, ती बहुधा हीच. कंपनीच्या आराखड्याचा कागद फोनवर उघडला. त्यात एक तक्ता असतो: पिना किती, टोकाच्या पिनांच्या मध्यांमधलं अंतर किती, एकूण लांबी किती. आठ पिनांच्या ओळीत `B8B-XH-A` या नावासमोर १७.५ आणि २२.४ लिहिलेलं होतं. दोन्ही जुळले. त्यावर बसणाऱ्या टोपणाचं नाव `XHP-8`.

नानांनी तो तक्ता दोनदा वाचला. फोन लांब धरून, चष्मा वर करून. "आमच्या ड्रॉइंगसारखंच आहे की," म्हणाले.

मागवताना आणखी दोन खड्डे होते. एक म्हणजे, ऑनलाइन बाजारात हाच कनेक्टर कित्येक विक्रेते `XH2.54` या नावाने विकतात. माल अडीचचा असतो, नाव २.५४ चं. कुणीतरी माझ्यासारखाच आकडा ओढून जवळच्या खुर्चीत बसवला असणार. त्यामुळे नावावर जाऊन चालत नाही. फोटोत टोपणाची ठेवण बघायची, आणि विक्रेत्याने आराखडा दिला असेल तर त्यातली लांबी बघायची. आठ पिनांचं माप असल्यामुळे मला ते ताडून बघता आलं. दोनच पिनांचा कनेक्टर असता तर एकाच गाळ्यातला ०.०४ चा फरक घरगुती कॅलिपरने खात्रीने सांगता आला नसता. तिथे पिचवर विसंबायचं नाही. भिंतीची लांबी, रुंदी आणि खाचा यांवरूनच निर्णय घ्यायचा.

दुसरा खड्डा तयार केबलचा. दोन्ही टोकांना टोपण बसवलेल्या केबली मिळतात, पण त्या दोन प्रकारच्या असतात. एकात पहिली तार दुसऱ्या टोकालाही पहिली असते, दुसऱ्यात ती आठवी होते. फोटोत हे पटकन कळत नाही. उलटी लावली तर पुढच्या बोर्डाला पाच व्होल्ट भलत्याच पिनेवर मिळतात आणि मग दुकानदाराचं भाकीत खरं होतं. पहिल्या दिवशी मल्टिमीटरने काढलेला कागद इथे कामी आला. केबल आल्यावर दोन्ही टोपणं एकाच दिशेला तोंड करून ओट्यावर ठेवली आणि एकेक तार वाजवून बघितली. पहिली पहिलीला वाजली, आठवी आठवीला. मगच बोर्डाजवळ नेली.

नवं टोपण बसलं तेव्हा बारीक 'टक' असा आवाज झाला. जोर लागला नाही. तिरकंही झालं नाही. टोपणाच्या कडा भिंतीच्या खाचांत गेल्या आणि ओढून बघितलं तरी सहज निघेना. जुनं टोपण हातात होतं म्हणून तेही शेजारी धरून बघितलं. आता माहीत असूनही दोघांतला फरक डोळ्यांना दिसत नव्हता. पेटीला तार जिथून आत येते तिथे आण्णांनी लोखंडी जाळी ठोकली, उंदरांसाठी.

त्या रात्री लाईट बारा चाळीसला आली. मी जागाच होतो. आण्णांनी पडल्या पडल्या फोन लावला, कानाला धरला, मग माझ्याकडे दिला. पलीकडे मोटार सुरू झाल्याचं सांगणारा तो ध्वनिमुद्रित आवाज. तरी आम्ही दोघं थोडा वेळ गप्प राहिलो. शेततळं घराच्या मागेच आहे. मिनिटाभराने पाइपातून पाणी पडायचा आवाज यायला लागला, तेव्हा आण्णांनी कूस बदलली.

आता दोन महिने झाले. दणके रोज बसतात, टोपण जागचं हललेलं नाही. मी पुण्याला परत आलोय. आठवड्यातून एकदा नानांचा फोन येतो. परवा विचारत होते, की त्यांच्या पिठाच्या गिरणीच्या मशिनीत एक छोटी जोडणी तुटलीय, चार पिनांची. मी म्हटलं, "फोटो पाठवा."

"फोटो कशाला?" नाना म्हणाले. "माप लिहून घे. बाहेरून सहा पॉइंट पाच, पिन अर्ध्याची. गाळे तीन."

सहा पॉइंट पाचातून अर्धा वजा, सहा. भागिले तीन, दोन. या वेळी उत्तर कुठल्याही आकड्याकडे ओढावं लागलं नाही. मी फक्त विचारलं, "नाना, भिंतीची लांबी किती भरली?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "थांब, मोजून सांगतो."